उजव्या बाजूच्या हिरड्या

त्या गल्लीत नव्याने राहायला आलेल्या माणसाला हमखास वाटायचं, की तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीत पिठाची गिरणी आहे. कारण दार उघडलं की आतून एक पांढराफटक माणूस बाहेर यायचा. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, चपलासुद्धा पांढऱ्या. एका बाईंनी तर एकदा डबाच पुढे केला होता आणि वर बजावलं होतं, "जरा बारीक दळा हं." त्याने डबा दोन्ही हातांनी परत दिला आणि म्हणाला, "बाई, इथे दळत नाहीत. इथे चावायची सोय करतात."

तेव्हापासून गल्लीने त्याचं नाव पिठोबा ठेवलं. पिठोबा दात बनवायचा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं रबरी माप घ्यायचे आणि त्याच्याकडे पाठवायचे. तो त्या मापात प्लास्टर ओतायचा, घट्ट झालं की सोडवायचा, आणि हातात पेशंटचा जबडा यायचा, जसाच्या तसा, फक्त पांढरा. मग त्यावर दात, कवळ्या, टोप्या. एकूण तीस वर्षं त्याने हेच केलं होतं, आणि दुसरं काही करावं असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

मनात बाकी बरंच काही यायचं. पिठोबा जागेपणी स्वप्नं बघणाऱ्यांतला होता. प्लास्टर घट्ट व्हायला लागलं की आपोआप गरम होतं. ते ऊबदार माप तळहातावर घेऊन तो खिडकीशी बसायचा आणि हरवायचा. उन्हाच्या पट्ट्यात पांढरी धूळ तरंगायची. फळीवरचे जबडे ओळीने त्याच्याकडे बघायचे. कुणाचंही नाव त्याला ठाऊक नसायचं, डॉक्टर नुसता नंबर पाठवायचे, पण तो त्यांना ओळखायचा. हा रात्री दात खातो. हिला एकाच बाजूने चावायची सवय. हे गृहस्थ दाताने सुतळी तोडतात, आणि डॉक्टरांनी विचारलं तर नाही म्हणतात. कधीकधी त्याला वाटायचं, आपण दार लावून घरी गेलो की हे सगळे एकमेकांशी बोलत असतील. बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बोलू देत. निदान तुमच्याशी कुणीतरी बोलतंय."

अशा हरवलेल्या अवस्थेतही त्याचे हात चुकत नसत, हा त्याचा मोठाच अभिमान होता. डोकं कुठेही असो, हात काम करायचे. मापात हवेचा बुडबुडा राहिला तर तिथे प्लास्टर शिरतं आणि जबड्यावर गोळी येते. ती नखाएवढ्या पात्याने खरडून टाकायची. तीस वर्षांत त्याने अशा हजारो गोळ्या खरडल्या असतील. शेवटी शेवटी तर त्या दिसायच्या आधीच पातं तिथे पोचलेलं असायचं.

आणि या अभिमानानेच एके दिवशी घात केला.

त्या सकाळी हिरड्यांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. वयाने लहान, आवाजाने मोठ्या. पिठोबाला काका म्हणायच्या, पण काम बिघडलं की त्या काकाला भलतीच धार यायची.

"काका, एकशे सतरा नंबर. तुम्ही काय केलंत ते?"

पिठोबाने वही उघडली. एकशे सतरा, वरचा जबडा, परवाच पाठवलेला. "का हो? छान आला होता की. मापात फार बुडबुडे होते तुमच्या, पण मी सगळे साफ केले. अगदी गुळगुळीत."



"काका, ते बुडबुडे नव्हते."

"मग?"

"हिरड्या होत्या त्या. वाढलेल्या. मला त्याच तर मोजायच्या होत्या! चिठ्ठीवर लिहिलं होतं, तपासणीसाठी, हात लावू नये. तुम्ही वाचलंत का?"

पिठोबाने चिठ्ठी शोधली. ती सापडली, आणि तिच्यावर ते लिहिलेलंही सापडलं. त्याची दातखीळ बसली. ज्या गोष्टीसाठी जबडा बनवायचा होता, तीच गोष्ट त्याने नीट खरडून, पॉलिश करून, कागदात गुंडाळून पाठवली होती.

"रबरी माप अजून तुमच्याकडेच असेल," डॉक्टरीणबाई जरा मवाळ होऊन म्हणाल्या. "पुन्हा ओता. आणि या वेळी पातं कपाटात ठेवा. चावी बायकोकडे द्या."

माप होतं. चांगल्या रबराचं होतं, दुसऱ्यांदा ओतायला काही हरकत नव्हती. पिठोबाने ते धुतलं, वाळवलं, आणि प्लास्टर अगदी हळूहळू, एका कोपऱ्यातून, टेबल थरथरवत आत सोडलं, म्हणजे हवेला बाहेर पडायला वाट राहावी. मग तो खिडकीशी बसला. माप हातात ऊबदार झालं. आज मात्र हरवायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, आणि म्हणूनच की काय, सोडवल्यावर त्याने तो जबडा पहिल्यांदा खरोखर पाहिला.

पुढच्या दातांच्या मधोमध हिरडी फुगून दातांवर चढली होती. बुडबुड्याची गोळी कशी, गोल आणि गुळगुळीत असते. हे तसं नव्हतं. हे खडबडीत होतं, घट्ट होतं, दोन दातांच्या फटीतून निघून दोन्हीकडे पसरलेलं. काही दात तर अर्धेच दिसत होते, जणू कुणी गळ्यापर्यंत पांघरूण ओढून झोपलंय. असल्या गोष्टीला आपण बुडबुडा समजलो, याची पिठोबाला आता मनापासून लाज वाटली.

मग त्याची नजर वरच्या समोरच्या दातावर गेली. तो दात खरा नव्हता. दोन्ही शेजाऱ्यांना धरून बसवलेला, ब्रिजचा दात होता. त्याच्या खालच्या कडेला एक बारीक खाच होती, शेजारच्या खऱ्या दाताला असलेल्या खाचेशी जुळणारी. एवढी बारीक खाच कोण कोरत बसतो? ज्याला त्या माणसाची फार काळजी आहे तोच.

ती खाच पिठोबाने स्वतः कोरली होती. सव्वीस वर्षांपूर्वी. आपल्या बहिणीसाठी.

तिला घरात सगळे चिमणी म्हणायचे. आता पंचेचाळिशी ओलांडली तरी चिमणीच. सोळाव्या वर्षी तिला फिट येऊ लागल्या. एकोणिसाव्या वर्षी एका फिटमध्ये ती जिन्यात पडली आणि समोरचा दात तुटला. त्या वेळी पिठोबाला कामाला लागून चारच वर्षं झाली होती. काढघाल करायचा दात नको, फिटमध्ये घशात जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणून त्याने पक्का ब्रिज बनवला, आठ दिवस जेवणाखाण्याचं भान न ठेवता. त्याच सुमारास तिची फिटवरची गोळी सुरू झाली. फिट आधी कमी झाल्या, मग विरळ झाल्या, आणि गेली नऊ वर्षं एकही नाही. नऊ वर्षांत ती हळूहळू माणसांत आली. एका मोठ्या कचेरीत टेलिफोनवर बोलायची नोकरी धरली. आणि पाच वर्षांपूर्वी, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून, भावाच्या घरातून निघून दोन गल्ल्या पलीकडे तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायला गेली.

पिठोबा उठला. तिच्या पहिल्या मापाचा जबडा त्याने जपून ठेवला होता, फळीच्या मागच्या बाजूला, फडक्यात. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. जुन्यात समोर मोकळी जागा, आणि हिरड्या अशा नाजूक, प्रत्येक दाताभोवती नीट महिरप काढलेल्या. नव्यात हे. मधली सव्वीस वर्षं त्याला एकदम दिसली, आणि त्या सव्वीस वर्षांत आपण बहिणीच्या तोंडात एकदाही डोकावलो नाही हेही दिसलं. जगाचे जबडे हाताळत बसलेला माणूस! त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

कितीतरी वेळ तो ते दोन जबडे फिरवून बघत राहिला. ऊन सरकलं, धूळ खाली बसली. आणि बघता बघता एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. ब्रिजच्या खोट्या दाताखाली, जिथे मूळ दातच नव्हता, तिथे हिरडी सपाट होती. वाढली होती ती फक्त खऱ्या दातांच्या कडेने. आणि तिथेही सारखी नाही. चिमणीच्या डाव्या बाजूला थोडीशी, उजव्या बाजूला दुप्पट.

गोळी एकच. रक्त एकच. तोंड एकच. मग गोळीला डावं-उजवं कसं कळतं?

संध्याकाळी तो तिसऱ्या मजल्यावर गेला. चिमणी नुकतीच कामावरून आली होती. खोली छोटी पण तिची: एक पलंग, खिडकीत दोन कुंड्या, भिंतीला टेकून मांडलेली पुस्तकं. पिठोबाने जबडा टेबलावर ठेवला.

चिमणीने तो पाहिला आणि पलंगावर बसली. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तुझ्याच दातांनी चहाडी केली."

"आता चल म्हणशील घरी," ती म्हणाली. तिचा आवाज अलीकडे थोडा जड झाला होता, शब्द गालात अडकल्यासारखे. "म्हणूनच तुला सांगितलं नव्हतं."

मग सगळं बाहेर आलं. मेंदूच्या डॉक्टरांनी नेहमीच्या तपासणीत तोंड उघडायला लावलं होतं. ते म्हणाले, या गोळीने काहींच्या हिरड्या वाढतात, हिरड्यांच्या डॉक्टरांना दाखवा; फार असेल तर गोळी बदलायचा विचार करू. हळूहळू एक कमी, दुसरी सुरू. त्या काळात फिट पुन्हा येऊ शकतात, येणारही नाहीत, सांगता येत नाही. तोवर एकटं राहू नका.

"नऊ वर्षं, दादा," चिमणी म्हणाली. "नऊ वर्षांत मी एकदाही फिट येऊन जमिनीवर पडले नाही. ही खोली मला त्या गोळीने दिली. आणि आता तीच गोळी काढून घ्यायची म्हणतात. घरी न्याल मला, मायेनेच न्याल. वहिनी मी न्हाणीघरात गेले की बाहेरून हाका मारत बसेल. मला परत तसं नाही व्हायचं."

 पिठोबाच्या डोक्यात दुपारपासून जे घोळत होतं तेच त्याने विचारलं. "तू उजवीकडे नीट घासत नाहीस का गं?"

चिमणीने त्याच्याकडे असं पाहिलं, की आपण लहान असतो तर तिने उशी फेकून मारली असती असं त्याला वाटलं. "मी काय सांगतेय आणि हा काय विचारतोय!"

"सांग तर."

"तिकडे रक्त येतं. ब्रश लागला की भळभळ. मनगटही वळत नाही नीट तिकडे, उजव्या हाताने उजवीकडे. म्हणून मी तिकडे फार जात नाही. चूळ भरते." ती थांबली. "तूच सांगितलं होतंस."

"मी?"

"गोळी सुरू झाल्यावर वर्षभराने. मी विचारलं होतं, दादा, रक्त येतंय, काय करू? तू म्हणालास, रक्त येतंय तिथे हात लावू नकोस, हिरडी दुखावते."

पिठोबाला ते आठवलं. सव्विशीतला, दात बनवायला शिकलो म्हणजे दातांतलं सगळं कळलं असं समजणारा तो. किती ठामपणे सांगितलं होतं! कुठे वाचलं नव्हतं, कुणाला विचारलं नव्हतं.

"मी डॉक्टर थोडाच होतो," तो पुटपुटला.

"माहितीये," चिमणी म्हणाली. "पण तेव्हा त्या घरात माझ्याशी न घाबरता बोलणारा तू एकटाच होतास. तू सांगितलंस म्हणजे ते खरं."

पिठोबा खाली मान घालून बसला. त्याला रडू आलं, आणि त्याने ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून डॉक्टरीणबाईंकडे गेली. दवाखान्याची खोली हिरवट, शांत, पाण्याची बारीक धार कुठेतरी सुरू असलेली. पिठोबाने दोन्ही जबडे टेबलावर मांडले आणि डावं-उजवं दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी मोजपट्टी लावली, चिमणीच्या तोंडात आरसा घालून पाहिलं, आणि खुर्ची मागे सरकवून म्हणाल्या, "काका, कालची माझी बोलणी मागे घेते. पूर्ण नाही, अर्धी."

मग त्यांनी समजावलं. गोळीमुळे हिरडीतलं मांस वाढायची ओढ लागते हे खरं. सगळ्यांना लागत नाही. काहींना लागते, का ते नीट सांगता येत नाही. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनीही असंच होतं. पण गोळी एकटी एवढं करत नाही. दातावर, हिरडीच्या कडेला जो चिकट थर बसतो, त्यातल्या जंतूंनी हिरडी आधी सुजते, आणि सुजलेल्या हिरडीत ही वाढ जोरात होते. हिरडी वाढली की तिच्याखाली ब्रश पोचत नाही, मग थर आणखी, सूज आणखी, वाढ आणखी. म्हणून जिथे दात नाही तिथे काही नाही, आणि जिथे घासलं तिथे कमी.

"म्हणजे रक्त येतं तिथे..." चिमणीने विचारलं.

"तिथेच जास्त घासायचं. मऊ ब्रशने, हळू, पण रोज. रक्त येतं कारण तिथे घाण साचलीय. ती गेली की रक्त थांबतं."

पिठोबाने भिंतीकडे तोंड केलं.

"आणि गोळी?" त्याने भिंतीकडेच बघत विचारलं. "ती जरा कमी केली तर? अर्धी?"

डॉक्टरीणबाईंनी हातातला आरसा खाली ठेवला. "एक दिवसही नाही. स्वतःहून अर्धी नाही, पाव नाही. हिरडी वाढली तर कापता येते, झटका आला तर तो परत घेता येत नाही. गोळीचं काय करायचं ते मेंदूचे डॉक्टर ठरवतील, मी नाही, आणि तुम्ही तर नाहीच. मी त्यांना चिठ्ठी देते: तीन महिने थांबा. आधी आम्ही हे तोंड स्वच्छ करून बघतो. त्यानंतर पुन्हा माप, पुन्हा जबडा. जेवढं सुजेमुळे आहे तेवढं उतरेल. जे घट्ट मांस झालंय ते कदाचित राहील. सगळं जाईल असं वचन मी देत नाही."

"आणि नाही उतरलं तर?"

"तर गोळी बदलण्याचा विषय परत निघेल."

मेंदूच्या डॉक्टरांनी तीन महिने मान्य केले. दोन-तीन खेपांत डॉक्टरीणबाईंनी चिमणीच्या दातांवरचा आणि हिरडीखालचा जुना, दगडासारखा झालेला थर काढला. दोन आठवड्यांसाठी चूळ भरायचं औषध दिलं. आणि एका पुडीत रंगाच्या गोळ्या दिल्या. चावायच्या, तोंडभर फिरवायच्या, थुंकायच्या. जिथे थर उरलाय तिथे रंग बसतो.

ते पहिल्यांदा करून बघितलं ती दुपार पिठोबाच्या आठवणीत अगदी पाण्याखाली घडल्यासारखी राहिली. सुटीचा दिवस होता. तिच्या खोलीत उतरतं ऊन होतं, कुंड्यांची सावली भिंतीवर हलत होती. चिमणीने गोळी चावली, थुंकली, आणि आरशासमोर ओठ वर केले. डावीकडे जरा गुलाबी. उजवीकडे मात्र दातांच्या मुळाशी, फटीफटीत, गर्द गुलाबी रेघ, एक दात सोडत नव्हती. पंचवीस वर्षं जिथे कुणी गेलं नव्हतं तो प्रदेश नकाशावर उमटला होता. चिमणी बघतच राहिली. मग म्हणाली, "छान रंग आहे की. पडद्यांना घेतला असता."

पिठोबाने बरोबर प्लास्टरचा जबडा आणला होता, तिचाच. त्यावर त्याने तिला ब्रश धरायला शिकवलं: सरळ नाही, तिरका, केस दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे टेकवायचे आणि जागच्या जागी थरथरवायचे. उजव्या बाजूला कोपर उचलून, ब्रश उलटा धरून. मनगट अडलं तर डाव्या हाताने. मग फटीत घालायचा चिमुकला ब्रश, प्रत्येक फटीत, ब्रिजच्या खालूनसुद्धा.

"आधी उलटा ब्रश, मग डावा हात! एका वेळी एकच शिकव," चिमणी म्हणाली. "डाव्या हाताने ब्रश गालात जातो."

"प्लास्टरवर कर. त्याला लागत नाही."

पहिले आठ दिवस रक्त आलं. रोज सकाळी तिचा फोन यायचा, "आलं." पिठोबा म्हणायचा, "घास." नवव्या-दहाव्या दिवशी फोन आला, "कमी आलं." मग एक दिवस तिने फोनच केला नाही. पिठोबा घाबरून चपला न घालता तिसरा मजला चढून गेला, तर ती ब्रश तोंडात ठेवून दार उघडायला आली. "काही आलंच नाही," ती फेसातून म्हणाली, "म्हणून काय सांगायचं ते कळेना."

महिने गेले. गुलाबी रेघ तुटक होत गेली. पिठोबा कामावर असायचा, पण हरवायचा तो वेगळीकडे: सगळे जबडे आपल्याकडे पाठ करून बसलेत आणि एकशे सतरा नंबर हळूच काहीतरी सांगतोय, असं त्याला भर दुपारी दिसायचं. काय सांगतोय ते मात्र ऐकू यायचं नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा माप घेतलं. पिठोबाने त्या दिवशी दुसरं काम हातात घेतलं नाही. ओतलं, थांबला. प्लास्टर गरम झालं, मग कोमट, मग गार. सोडवताना त्याने त्या कधीही न चुकणाऱ्या हातांवर भरवसा ठेवला नाही, प्रत्येक कड डोळ्यांनी बघत सोडवली.

डावीकडे हिरडी जवळजवळ जागेवर आली होती. उजवीकडेही उतरली होती, खूप उतरली होती. झाकलेले दात वर आले होते. पण सुळ्याच्या आणि त्याच्या शेजारच्या दाताच्या मधे एक गोळा अजून होता. घट्ट, खडबडीत. पिठोबा त्याच्याकडे बघत बसला. आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्याला अगदी मनापासून वाटलं, की हा बुडबुडा असावा. देवा, एवढा एक बुडबुडाच असू दे. त्याने अंगठा त्यावरून फिरवला. नव्हता. पातं समोरच होतं. त्याने ते उचललं नाही.

डॉक्टरीणबाईंनी मोजायला बराच वेळ घेतला. चिमणी खुर्चीत, पिठोबा दाराशी. शेवटी त्या म्हणाल्या, "हा एक राहिलाय. हा घासून जाणार नाही, बधीर करून इथेच कापावा लागेल, अर्ध्या तासाचं काम. आणि कापल्यावर घासणं सोडलं तर परत येईल, हे ऐकून ठेवा. दर तीन महिन्यांनी साफसफाईला यायचं." मग चिठ्ठी लिहायला घेतली आणि लिहिता लिहिताच वाचून दाखवली. सूज गेली आहे. उरलेली वाढ थोडी आहे आणि काबूत राहील. आमच्या बाजूने गोळी बदलण्याची गरज वाटत नाही.

मेंदूच्या डॉक्टरांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि गोळीच्या कागदावर आहे तेच पुन्हा लिहिलं. तीच गोळी, तीच वेळ.

पिठोबा बहिणीला घरापर्यंत सोडायला गेला. तिसऱ्या मजल्यावर चिमणीने दार उघडलं, चपला काढल्या, कुंड्यांना पाणी घातलं.  तो पलंगाच्या कडेला बसला आणि बसूनच राहिला.

"आता जा तू," चिमणी म्हणाली. "वहिनी वाट बघत असेल. मी आंघोळ करते."

"करून ये. मी बसतो."

"दादा."

तो हसला आणि उठला. दारापर्यंत गेला, दार लोटून घेतलं, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर उगाच थांबला. जुन्या घरी, चिमणी सतरा वर्षांची असताना, आईने न्हाणीघराची आतली कडी स्क्रू काढून फेकून दिली होती. ती आत असली की दाराबाहेर कुणीतरी उभं असायचं. बहुतेक वेळा तोच. नळ थांबला की तो हाक मारायचा, आणि ती उत्तर देईपर्यंत दारावर हात ठेवून उभा राहायचा.

आतून पाण्याचा आवाज आला. त्याआधी न्हाणीघराची कडी सरकल्याचा आला होता. मग नळ बंद झाला.

पिठोबाच्या ओठावर हाक आली. त्याने ती गिळली आणि जिना उतरायला लागला.